खाकी शर्ट आणि एकशे चौदाची डाय

शर्ट खाकी होता, नवा होता, आणि बेंडिंग मशीनच्या मागच्या खिळ्याला प्लॅस्टिकच्या पिशवीसकट टांगलेला होता. कारखान्याचे मालक पंडितभाऊ यांनी तो आणून टांगला तेव्हा एवढंच म्हटलं, "नाना, मापाचा आहे का बघून ठेवा. घाई नाही."

घाई नाही म्हणणाऱ्या माणसाला किती घाई असते, हे जळगावच्या औद्योगिक वसाहतीत उभं आयुष्य घालवलेल्या चुडामण पाटलांना, म्हणजे नानांना, कळत नव्हतं असं नाही. कारखान्याच्या फाटकावरचा वॉचमन मुलाकडे सुरतेला निघून गेला होता. त्याचं स्टूल तिथेच होतं, त्याची शिट्टी स्टुलावर होती, आणि शर्ट आता नानांच्या पाठीशी लटकत होता. राहिलं होतं ते फक्त शर्टात शिरायचं.

नानांचं काम पाइप वाकवण्याचं. मूळ गाव मुक्ताईनगरकडचं, घरी केळी, दोन भाऊ शेतात. हा तिसरा लहानपणी भावाच्या सायकलचं हॅन्डल सरळ करायला गेला आणि त्याने ते आधीपेक्षा छान वाकवून ठेवलं. तेव्हापासून सरळ गोष्टींशी त्याचं फारसं जमलं नाही. जिन्याचे कठडे, दवाखान्याच्या खाटा, ट्रॅक्टरच्या तेलाच्या नळ्या, सगळं त्याच्या हाताखालून गेलं. लग्नात लोक आहेराच्या भांड्यांवरचं नाव वाचतात, नाना मांडवाचे पाइप बघत आणि वाकण चपटं असेल तर त्यांना जेवण जात नसे. पत्नी प्रमिलाबाई गेल्यापासून तर मशीन आणि ते एवढाच संसार होता. मशीन कमी बोलत असे, पण वेळेवर.

दिवाळीनंतर हे बिघडलं. दोन वाकणांचे कठडे जागेवर बसेनात. एका जिन्याचा परत आला, मग दुसऱ्याचा. त्याआधी पावसाळ्यात नानांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. पाइप चुकला आणि डोळा नवा, एवढ्यावर निकाल लागला. कुणी वाईट बोललं नाही, हेच जास्त वाईट होतं. वेल्डर नवल, जो नानांच्या चहातली साखरसुद्धा चेष्टेवारी न्यायचा, तो हल्ली त्यांना "सांभाळून बरं का नाना" म्हणू लागला. नानांनी घरी कॅलेंडरच्या तारखा लांबून वाचून पाहिल्या. नीट दिसल्या. पण दिसणं आणि खूण बरोबर पडणं यात फरक असेल, असं त्यांनी स्वतःलाच समजावलं. माणूस आपल्याविरुद्धची साक्ष फार लवकर मान्य करतो.

अशात डिंपल आली.

डिंपल सोनगीरजवळच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात देखभाल बघायची. डिप्लोमा झालेली, कामाला लागून पहिलाच हंगाम. कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसची तेलाची नळी फुटली होती. नळी म्हणजे मनगटाएवढा जाड पाइप, आतून तेल असं दाबाने जातं की फुटल्यावर माणूस समोर नव्हता हीच देवाची मेहेरबानी. कंपनीची नळी गुजरातेतून यायला आठवडा लागणार होता. अंगणात कापसाचे डोंगर, जागा संपलेली, गाड्या हायवेपर्यंत, आणि तिचे मालक दर तासाला फोन करून फक्त "काय झालं?" एवढंच विचारत होते.

तिने फुटलेली नळी आणि पोत्यात गुंडाळलेला एक सीमलेस, म्हणजे बिनजोडाचा, पाइप टेबलावर ठेवला. "कोठारात एवढाच निघाला, नाना. याच्यात बसवा. बाहेर कुठेच नाही. धुळ्यात विचारलं, भुसावळला विचारलं, वरणगावच्या ओळखीच्या माणसालाही विचारलं, त्याने तर माझं नाव विचारून फोन ठेवला."

"किती आहे?"

"दोन मीटर आणि वर शंभर मिलीमीटर."

पंडितभाऊ केबिनमधून बाहेर आले. त्यांनी डिंपलकडे पाहिलं, पाइपकडे पाहिलं, मग खिळ्याकडे. "ताई, हे काम आम्ही घेतो. पण एक सांगतो, नाना, दोन वाकणांचं काम आहे. हे चुकलं तर मी मशीन झाकून ठेवणार. वाईट वाटून घेऊ नका."

"नाही," नाना म्हणाले. त्यांना वाईट वाटायला सवड नव्हती, ते नमुना डायमध्ये बसवून बघत होते.

पाइप वाकवायची डाय म्हणजे कडेला अर्धगोल खाच असलेलं लोखंडी चाक. पाइप त्या खाचेत बसतो आणि चाकाभोवती ओढला जातो. नमुन्याचं वाकण खाचेत ठेवून पाहायचं, डुगडुगलं नाही तर त्रिज्या तीच, ही नानांची रीत. फुटलेल्या नळीचं वाकण खाचेत असं बसलं की जणू तिथेच जन्मलं होतं. नळीला काटकोनाची दोन वाकणं, इंग्रजी यू अक्षरासारखी. सरळ भाग तीन. एक पाय दोनशे मिलीमीटरचा, मधला तीनशेचा, दुसरा पाय दीडशेचा. पट्टी लावून सरळपणा कुठे संपतो ते नानांनी खडूने दाखवलं आणि डिंपलने मोजलं.

"आता वाकणात किती पाइप जातो ते," नाना म्हणाले. "वाकवताना बाहेरची बाजू ताणते, आतली आखडते. मधोमधची रेघ तेवढी जशीच्या तशी राहते. म्हणून हिशेब मधल्या रेघेचा करायचा. डायवर आकडा कोरलाय तो वाच."

"एकशे चौदा."

"त्यात अर्धा पाइप मिळव. पाइप अडतीसचा, अर्धा एकोणीस."

"एकशे तेहतीस." डिंपलने मोबाइलवर आकडे टाकले. "काटकोनाला त्रिज्येच्या एक पूर्णांक सत्तावन्न पट. दोनशे नऊ. दोन वाकणांचे चारशे अठरा, सरळ साडेसहाशे. एक हजार अडुसष्ट, नाना."

"माझंही तेच आलं," नाना म्हणाले. त्यांनी तोंडी केलं होतं. डिप्लोमा आणि अनुभव यांचं इतकं एकमत क्वचितच होतं, आणि दोघांनाही त्याने फार धीर आला.

पाइप कापला. दोनशेवर खूण, तिथून पहिलं वाकण. मग वाकणाचे दोनशे नऊ आणि मधले तीनशे मोजून दुसऱ्या वाकणाची खूण. काटकोनाला पाइप थोडा परत उसळतो, म्हणून नानांनी अंशभर जास्त ओढून सोडला. काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहिला, कोन सुतासारखा. शेवटचा पाय नेहमीप्रमाणे थोडा जास्त राहिला होता. तो दीडशेवर कापायचा रिवाज होता, शेवंताबाईने तो कापला. शेवंताबाई कारखान्यात झाडलोट करायची आणि पाइपांची तोंडं घासायची. कापलेलं कडं तिने नेहमीप्रमाणे भंगाराच्या पिंपापाशी नेलं, आणि नळी नमुन्याशेजारी ठेवली.

नमुन्याशेजारी नळी मोठी दिसत होती.

डिंपलने मोजलं. परत मोजलं. मधला सरळ भाग तीनशेऐवजी तीनशे तीस. पाय बरोबर, कोन बरोबर, पण दोन तोंडांमधलं अंतर तीस मिलीमीटरने जास्त. प्रेसवरची भोकं काही यांच्यासाठी सरकणार नव्हती.

नवलने वेल्डिंगचा मुखवटा वर केला, पाहिलं, आणि परत खाली घेतला.

"खूण," पंडितभाऊ हळू म्हणाले. "दुसरी खूण पुढे पडली, नाना."

"पडली असेल," नाना म्हणाले. त्यांना खूण आठवत होती, पट्टी आठवत होती, पट्टीवरचा आकडा आठवत होता. पण आठवणारा डोळाच आरोपी असल्यावर त्याची साक्ष कोण घेणार.

"उरलाय किती?" डिंपलने विचारलं, आणि उत्तर येण्याआधीच टेप लावली. करवतीची जाडी गेली होती. उरला होता एक हजार तीस. पाहिजे होता एक हजार अडुसष्ट. अडतीस कमी, म्हणजे पाइपाच्या स्वतःच्या जाडीएवढाच. ती टेबलाला टेकून उभी राहिली. मोबाइल वाजला, तिने तो बघितला आणि पालथा ठेवला.

"जोड द्यायचा?" नवलने विचारलं. "तुकडा लावून वेल्डिंग करतो, असं की ओळखू यायचं नाही."

"ओळखू येईल," डिंपल म्हणाली. "प्रेस चालू झाल्यावर. नळीच्या मध्यावर मला जोड नको, भाऊ. तिथे माणसं उभी असतात."

पंडितभाऊंनी कोपऱ्यातली ताडपत्री आणली. ती मशीनवर टाकली नाही, शेजारी ठेवली. मग ते डिंपलला म्हणाले, "ताई, नाशिकला कॉम्प्युटरवालं मशीन आहे, पण पाइप तुमचाच लागेल." आणि पाइप नव्हताच. एवढा सल्ला देऊन ते केबिनमध्ये गेले.

नाना मशीनमागे गेले. शर्टाची पिशवी खांद्याला लागून चुरचुरली. एक डोळा झाकून त्यांनी आधी उजव्या डोळ्याने भिंतीवरची सूचना वाचली, मग डाव्याने. दोन्ही डोळ्यांनी सूचना एकच होती: मशीन चालू असताना हात लावू नये. त्यांच्या छातीत काहीतरी सैल झालं होतं, पट्टा सुटलेल्या मोटारीसारखं, फिरतंय पण काही ओढत नाही. फाटकावर बसायला हरकत नव्हती. बसून माणूस मरत नाही. पण आत मशीनचा आवाज चालू, आणि आपण बाहेर येणाऱ्या गाडीचा नंबर लिहितोय, हे चित्र त्यांना बघवेना. आणि मशीन झाकलं तर आवाजही नाही. ते त्याहून वाईट.

ते भंगाराच्या पिंपाशी जाऊन बसले. कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. याच जाडीचा एखादा जुना तुकडा सापडेल, असं ते मनाशी म्हणत होते, आणि हेही म्हणत होते की सापडला तरी डिंपल जोड घेणार नाही. तरी हात पिंपात.

"काय जोयजे तुम्ले, भाऊ?" शेवंताबाई मागून अहिराणीत म्हणाली. "त्या कडा मना शेतस. मी वेगळ्या काढी ठेवेल शेतस."

"कोणत्या कडा?"

तिने पिंपामागून एक डबा ओढला. त्यात अडतीसच्या पाइपाची कापलेली कडी होती, दिवाळीपासूनची. घरामागे तिने वांगी लावली होती आणि पाखरं हाकलायला कड्यांच्या माळा टांगल्या होत्या. वारा आला की वाजत.

"मोठ्या एका दोरीले, बारीक दुसऱ्या दोरीले," ती म्हणाली. "मोठी जाड वाजस, बारीक पातळ वाजस. पण भाऊ, तुम्ही बठ्ठ्या सारख्याच कापतस. तिसरं माप येसच नही. एखादी लांब कापा ना मनासाठे. पाखरंसले सवय व्हयी गयी."

नाना हसले नाहीत. त्यांनी डबा जमिनीवर पालथा केला.

मोठी कडी सगळी एकसारखी. बारीक कडी सगळी एकसारखी, मोठ्याच्या निम्मी. त्यांनी एक मोठं कडं मोजलं: अठ्ठावीस. करवत दोन खाते. तीस. बारीक तेरा, करवतीचे दोन धरून पंधरा.

"ही मोठी कोणत्या कामाची?"

"काटकोनवाल्या कठड्यासनी. बारीक त्या तिरप्यासनी, अर्धा वाकाडतस ना, त्या."

काटकोनाला तीस. पंचेचाळीस अंशांना पंधरा. कठडा लांब असो की आखूड, पाय हातभर असो की वीतभर, कडं तेवढंच. डोळा चुकला असता तर कधी जास्त चुकला असता, कधी कमी, कधी उलट बाजूलाही चुकला असता. म्हातारा डोळा इतका शिस्तीचा नसतो. चूक सरळ भागात नव्हतीच. ती वाकणात होती, आणि जेवढं वाकण तेवढी ती वाढत होती. एका वाकणाच्या पाइपात ती शेवटच्या पायात जाऊन बसे आणि शेवंताबाई ती रिवाजाप्रमाणे कापून टाकी. दोन वाकणं असली की पहिल्याची चूक मधल्या भागात अडके, तिला बाहेर पडायला वाट नसे.

"डिंपल," नानांनी हाक मारली. "तीसला एक पूर्णांक सत्तावन्नने भाग."

ती आली. जमिनीवरची कडी बघून ती काही विचारणार होती, पण नानांचा चेहरा बघून तिने आधी भागाकार केला. "एकोणीस."

"एकोणीस म्हणजे काय?"

तिने पाइपकडे पाहिलं. "अर्धा पाइप."

नाना उठले. त्यांनी डाय मशीनवरून काढली, ती एकट्याने काढायची नसते पण त्यांनी काढली, आणि खाचेच्या तळापासून पलीकडच्या तळापर्यंत कॅलिपर लावला. एकशे नव्वद. निम्मे पंच्याण्णव. ते पंच्याण्णवकडे बघत राहिले, ओळखीचा माणूस भलत्याच गावी भेटावा तसे.

जुनी डाय दिवाळीच्या आधी तडकली होती. तिच्यावर पंच्याण्णव कोरलेलं होतं. तो आकडा खाचेच्या तळाचा, म्हणजे पाइपाच्या आतल्या कडेचा. त्यात अर्धा पाइप मिळवला की मधली रेघ यायची, एकशे चौदा. नाना जन्मभर मिळवत आले होते. नवी डाय पंडितभाऊंनी एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावातून आणली. तिच्या कारागिराने मधल्या रेघेचाच आकडा कोरला होता. अर्धा पाइप त्याने आधीच मिळवलेला होता. नानांनी त्यात आणखी अर्धा मिळवला, दर वाकणाला, न चुकता, देवाला हात जोडावेत तसा. वाकण मात्र पूर्वीचंच पडत होतं, म्हणून नमुना खाचेत छान बसायचा आणि कुणाला शंका यायची नाही. दोन डाय शेजारी ठेवून बघाव्यात असंही कुणाला वाटलं नाही, कारण जुनी भंगारात गेली होती आणि आकडा मोठा म्हणजे डाय मोठी, यात बघायचं काय.

"एकशे चौदा गुणिले..." डिंपलची बोटं चालू होती. "एकशे एकोणऐंशी. दोन वाकणं तीनशे अठ्ठावन्न. अधिक साडेसहाशे." ती थांबली. "एक हजार आठ, नाना. आपल्याकडे एक हजार तीस आहे."

"बावीस जास्त."

"बावीस जास्त," ती म्हणाली, आणि तिने पालथा मोबाइल सुलटा केला. अजून कुणाला काही सांगितलं नाही.

पंडितभाऊ केबिनच्या दारात उभे होते. "आता काय?"

"आता एकच तुकडा आहे," नाना म्हणाले. "हा गेला तर ताडपत्री टाका. मीच धरीन एक टोक."

खुणा मी मारू का, असं डिंपलने विचारलं. नानांनी क्षणभर विचार केला, आणि खडू स्वतःच घेतला. दोनशेवर एक. मग एकशे एकोणऐंशी आणि तीनशे मिळवून, सहाशे एकोणऐंशीवर दुसरी. डिंपलने टेपचं दुसरं टोक धरलं. तिने काही दुरुस्ती सांगितली नाही, पण तिचा श्वास त्यांना ऐकू येत होता. पहिलं वाकण गेलं. दुसऱ्यासाठी नानांनी पाइप मशीनच्या जबड्यात धरला. त्यांनी हात पॅन्टला पुसले आणि लिव्हर ओढला. मशीन नेहमीसारखंच ओरडलं. त्याला काही माहीत नव्हतं.

मधला भाग मोजायला कुणी पुढे होईना. शेवटी शेवंताबाईने जुनी फुटलेली नळी उचलली आणि नव्या नळीवर ठेवली. दोन्ही एकमेकींवर बसल्या. खालची दिसली नाही.

"बठ्ठी सारखी," ती म्हणाली.

शेवटचा पाय दीडशेवर कापला. निघालेलं कडं ना जाड माळेचं, ना बारीक माळेचं. शेवंताबाईने ते बघितलं आणि पदराला बांधलं.

नळी सोनगीरला नेताना डिंपलने नानांना गाडीत घेतलं, नळी त्यांच्या मांडीवर. धुळे ओलांडेपर्यंत नानांनी मनात हिशेब दोनदा पुन्हा केला. बसेल असं हिशेब सांगत होता. पण आज सकाळीही हिशेबाने एकमताने सांगितलं होतं. कारखान्यात फिटरने दोन्ही टोकांना फ्लॅंज, म्हणजे बोल्टच्या भोकांच्या चकत्या, डागल्या आणि नळी प्रेसवर धरली. बोल्ट भोकात गेले. चौथा अडला. फिटर म्हणाला, "आटा खराब आहे," आणि दुसरा बोल्ट घेतला. तेल सोडलं, दाब चढवला. डिंपलने सगळ्यांना बाजूला उभं केलं आणि स्वतः काट्याकडे बघत राहिली. प्रेस खाली आला, कण्हला, आणि गाठ बांधून वर गेला. नळी कोरडी होती.

मालकांचा फोन आला. "काय झालं?"

"चालू झालं," डिंपल म्हणाली. त्या माणसाकडे पुढचा प्रश्न तयार नव्हता.

दुसऱ्या दिवशी पंडितभाऊंनी ताडपत्री परत कोपऱ्यात नेली. नानांनी डायवर ऑइल पेंटने पंच्याण्णव लिहिलं आणि शेजारी एकशे चौदा, आणि दोघांमध्ये एक छोटासा अर्धा पाइप काढला. डोळ्याबद्दल कुणी बोललं नाही. नवलने चहात साखर जास्त झाल्याबद्दल त्यांच्या घराण्याचा उद्धार केला, त्यावरून निकाल लागला असं समजायचं.

फाटकावर नवा माणूस बसला. त्याला शर्ट घट्ट झाला, त्याच्यासाठी दुसरा आणावा लागला. पहिला खिळ्यालाच राहिला. कापड चांगलं होतं, वाया जाऊ देणं नानांच्या स्वभावात नव्हतं. एका सोमवारी ते तो घालून मशीनवर आले. तेव्हापासून बाहेरून येणारी माणसं आधी त्यांच्यापाशीच थांबतात आणि गाडी कुठे लावायची ते विचारतात. नाना पाइप जबड्यात धरून हाताने दाखवतात: तिकडे, भिंतीला लावून, सरळ.